रिकामी पॅलेट आणि क्रेट परत मागवणं, आणि पुढच्या बिलात अनामत वळती करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा माल पॅलेटवर रचलेल्या क्रेटमधून जातो. माल ग्राहकाचा होतो, पण पॅलेट आणि क्रेट आमचेच राहतात. त्यांच्यापोटी घेतलेली अनामत, नग परत आले की पुढच्या बिलात वळती होते. व्यवहार एवढाच आहे, तरी वर्षभरातली अर्धी भांडणं त्यावरून होतात, आणि ती बहुतेक वेळा पैशांची नसून मोजणीची असतात. डिस्पॅच आणि अकाउंट्स अशा दोन्ही टेबलांवर मी काम केलं आहे. सहकाऱ्यांकडून आणि ग्राहकांच्या अकाउंटंटकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. आकडे उदाहरणादाखल आहेत. पैसे कोणत्याही देशाचे धरले तरी पद्धत तीच राहते.

अनामत मालाच्या दरातच धरली तर काय बिघडतं?

नग परत येईपर्यंत काहीच बिघडत नाही. ते परत आले की बिघडतं. दरात मिसळलेली अनामत परत करायची तर मालावर सूट द्यावी लागते. मग मालाचा विक्रीदर खोटा दिसायला लागतो, आणि कोणत्या खेपेतली सूट कोणत्या पॅलेटसाठी होती हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

मुळात अनामत हे आपलं उत्पन्न नव्हे. ग्राहकाचे पैसे आपल्याकडे ठेवलेले आहेत, ते परत द्यायचे आहेत, म्हणून ते देणं आहे. त्यासाठी खातेवहीत वेगळं खातं हवं आणि बिलावर वेगळी ओळ हवी. त्या ओळीत नग, दर आणि रक्कम तिन्ही दिसायला हवेत. नुसतं ‘अनामत १६,८००’ असं लिहिलेलं बिल मी पुन्हा करायला पाठवतो, कारण त्यावरून किती पॅलेट आणि किती क्रेट गेले ते कळत नाही.

अनामतीवर कर लागतो की नाही, आणि लागला तर केव्हा, हे प्रत्येक देशाच्या नियमावर ठरतं. तुमच्या कर सल्लागाराला हे एकदा विचारा आणि बिलिंगच्या प्रणालीत अनामतीचा आयटम त्याप्रमाणे कायमचा बांधून टाका. दर बिलाला नव्याने ठरवायची ही गोष्ट नाही.

अनामत किती ठेवावी?

नवा नग घ्यायला जे पडतं त्याच्या जवळपास. अनामत त्याच्याहून बरीच कमी असेल, तर एक साधी गोष्ट घडते: जुन्या बाजारात पॅलेटला अनामतीपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि ते तिकडे जातं. यात ग्राहकाची लबाडी असतेच असं नाही. कित्येकदा त्याच्या गोदामातल्या माणसाला ते पॅलेट परत द्यायचं असतं हेच माहीत नसतं, आणि भंगारवाला दारात उभा असतो.

फार जास्त अनामतही नको. ग्राहकाचं खेळतं भांडवल तुमच्याकडे अडकून पडतं आणि तो एकदाच वापरून टाकायच्या खोक्यांतून माल मागायला लागतो.

परत मागायचं पत्र कसं लिहायचं?

‘कृपया आमची पॅलेट लवकरात लवकर परत करावीत’ असं लिहिलं की काही होत नाही. किती, मालाबरोबर गेलेल्या कोणत्या डिलिव्हरी चलनावरची, केव्हा, कुठे लावून ठेवायची, आणि त्याचे पैसे कोणत्या बिलात दिसणार, या पाचही गोष्टी पत्रात असल्या तर समोरचा माणूस ते पत्र थेट आपल्या गोदामात पाठवू शकतो. पत्राचं खरं वाचन तिथेच होतं, अकाउंट्समध्ये नव्हे. मी वापरतो तो नमुना असा:

> नमस्कार.
>
> चलन क्रमांक ४१७, दिनांक ३ जून, या खेपेतली आमची ६ पॅलेट आणि १२० क्रेट आपल्याकडे आहेत. त्यांपोटी आपण भरलेली १६,८०० अनामत आमच्याकडे जमा आहे.
>
> पुढचा माल घेऊन आमची गाडी १७ जूनला येईल. त्याच गाडीतून रिकामे नग परत न्यायचे आहेत. त्या दिवशी जे रिकामे असतील ते माल उतरवण्याच्या जागेजवळ लावून ठेवावेत. क्रेट झाडून, एकात एक घालून वीस-वीसच्या थप्प्या कराव्यात. पॅलेट एकावर एक ठेवावीत.
>
> ड्रायव्हर आपल्यासमोर मोजून परतावा पावती देईल. तपासणीनंतर त्या पावतीची अनामत १९ जूनच्या बिलात वळती केलेली दिसेल. साधारण किती नग तयार असतील ते १५ जूनपर्यंत कळवावे, म्हणजे गाडीत तेवढी जागा ठेवता येईल.

शेवटचं वाक्य औपचारिक वाटेल, पण ते सगळ्यात उपयोगी आहे. ग्राहकाने आकडा कळवला की त्याने गोदामात जाऊन एकदा तरी मोजलेलं असतं.

गाडीत जागा किती लागते?

वाटते त्याहून कमी. ६०० × ४०० मिलिमीटरचे क्रेट १२०० × ८०० च्या पॅलेटवर एका थरात ४ बसतात. पाच थरांचे २० झाले. म्हणजे भरलेले १२० क्रेट जाताना ६ पॅलेटची जागा घेतात. येताना तेच क्रेट एकात एक बसणारे असतील तर २०-२० च्या ६ थप्प्या होतात आणि एका पॅलेटवर ४ थप्प्या उभ्या राहतात. दोन पॅलेटच्या जागेत सगळं मावतं, आणि रिकामी पॅलेट त्यांच्या शेजारी एकावर एक. पॅलेट १२०० × १००० चं असेल तर थरात ५ क्रेट बसतात, पण हिशोब तसाच.

मात्र क्रेट एकात एक न घालता नुसते एकावर एक ठेवले, तर ही सगळी बचत जाते आणि ड्रायव्हर निम्मे नग तिथेच सोडून येतो. पत्रात थप्प्यांचा उल्लेख असतो तो यासाठीच.

पुढच्या बिलावर वळती नेमकी कशी दाखवायची?

वरच्याच ग्राहकाचं उदाहरण पूर्ण करू. अनामत पॅलेटमागे ८०० आणि क्रेटमागे १००. पहिल्या खेपेत ६ पॅलेट आणि १२० क्रेट गेले, म्हणजे ४,८०० आणि १२,००० मिळून १६,८०० अनामत त्याने भरली.

१७ जूनला दुसरी खेप गेली: ४ पॅलेट, ८० क्रेट, माल ५६,०००. त्याच गाडीने ड्रायव्हरने ५ पॅलेट आणि ११२ क्रेट उचलले. आमच्या गोदामात तपासणी झाली. एका पॅलेटची वरची एक फळी तडकली होती, ती बदलता येण्यासारखी होती म्हणून पॅलेट पूर्ण धरलं. दोन क्रेटचे कोपरे तुटून निघाले होते, ते बाद झाले. म्हणजे स्वीकारले गेले ५ पॅलेट आणि ११० क्रेट.

बिलाचा पैशांचा भाग असा दिसतो:

- मालाची किंमत: ५६,०००
- या खेपेची अनामत, पॅलेट ४ × ८००: ३,२००
- या खेपेची अनामत, क्रेट ८० × १००: ८,०००
- वजा, परत आलेली पॅलेट ५ × ८००, परतावा पावती २०३: ४,०००
- वजा, परत आलेले क्रेट ११० × १००, परतावा पावती २०३: ११,०००
- देय रक्कम, कर सोडून: ५२,२००

आणि त्याच्या खाली, त्याच पानावर, नगांचा तक्ता:

| | पॅलेट | क्रेट |
|---|---|---|
| मागील शिल्लक | ६ | १२० |
| या खेपेत दिले | ४ | ८० |
| परत स्वीकारले | ५ | ११० |
| तुटून बाद झाले | ० | २ |
| आपल्याकडे शिल्लक | ५ | ८८ |
| त्यांची जमा अनामत | ४,००० | ८,८०० |

या दोन भागांचा मेळ बसतो की नाही ते बिल पाठवण्याआधी पाहा. आजवर घेतलेली अनामत १६,८०० आणि ११,२००, म्हणजे २८,०००. त्यातून वळती केलेली १५,००० आणि बाद क्रेटपोटी ठेवून घेतलेले २०० गेले, की उरतात १२,८००. तक्त्यातल्या शेवटच्या ओळीची बेरीजही १२,८००. ही दोन्ही उत्तरं वेगळी आली तर बिल थांबवा. तुम्ही नाही थांबवलंत तर ग्राहकाचा अकाउंटंट थांबवेल, आणि अनामतीबरोबर मालाचे पैसेही अडकतील.

हा नगांचा तक्ता बऱ्याच बिलांवर नसतो. माझ्या मते तोच बिलाचा कणा आहे. पैसे चुकले तर ते शोधून काढता येतात. किती नग कुणाकडे आहेत हे एकदा हरवलं की शोधायला धागाच उरत नाही.

ग्राहक विचारतो, ‘माल ५६,००० चा आणि देय ५२,२०० कसं? तुम्ही सूट दिलीत का?’

हा प्रश्न दर दुसऱ्या नव्या ग्राहकाकडून येतो. या वेळी जेवढ्या अनामतीचे नग परत आले त्यापेक्षा कमी अनामतीचे गेले, म्हणून देय रक्कम मालाच्या किमतीच्या खाली आली. याला सूट म्हणू नका आणि बिलावरही तसं छापू नका. ‘सूट’ हा शब्द दिसला की समोरची अकाउंट्सची मंडळी तो आकडा खरेदीच्या खर्चातून वजा करतात, मग त्यांच्या वहीत अनामतीचं येणं १५,००० ने जास्त दिसत राहतं आणि वर्षअखेरीला तुमचा-त्यांचा खातेउतारा जुळत नाही. ओळीवर ‘अनामत वळती’ असंच लिहा, आणि परतावा पावतीचा क्रमांक सोडू नका.

वजा ओळ बिलात टाकायची की वेगळी क्रेडिट नोट काढायची?

तुमच्याकडचे कराचे आणि ई-बिलाचे नियम वजा ओळ चालवून घेत असतील तर बिलातच टाका, ग्राहकाला एकच कागद सांभाळावा लागतो. चालवून घेत नसतील तर परताव्याची क्रेडिट नोट काढा, आणि पुढच्या बिलाच्या बेरजेखाली ‘वजा, क्रेडिट नोट क्रमांक अमुक’ म्हणून ती वळती दाखवा. तेव्हा बिलाची स्वतःची बेरीज ६७,२०० राहते आणि भरायचे ५२,२०० राहतात. नगांचा तक्ता दोन्ही पद्धतींत बिलावरच येतो.

वळती नक्की कोणत्या बिलात, याचीही रेघ आखलेली असावी. आमच्याकडे बिलाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तपासून झालेल्या पावत्याच त्या बिलात येतात. उरलेल्या त्याच्या पुढच्या. ‘जमलं तर या बिलात घालतो’ असं ग्राहकाला फोनवर कधी सांगू नका.

ड्रायव्हरची पावती एक आकडा सांगते आणि गोदाम दुसरा. कुणाचं खरं मानायचं?

याचं उत्तर मला एका नुकसानीतून मिळालं. ड्रायव्हरने ग्राहकाकडे १८ पॅलेटची पावती फाडली होती आणि आमच्या गोदामाने १५ मोजली. मी बिलात १५ ची वळती दिली. ग्राहकाने सही केलेली पावती दाखवली आणि मालाचं पूर्ण बिल अडवून ठेवलं. तीन आठवडे पत्रापत्री झाली. शेवटी कळलं की परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका ग्राहकाकडे माल हलवायला पॅलेट कमी पडली, म्हणून ड्रायव्हरने आपल्या गाडीतली ३ उतरवून दिली होती. मदत म्हणून दिली, नोंद कुठेच नाही. पहिल्या ग्राहकाचं शंभर टक्के बरोबर होतं आणि मी त्याला तीन आठवडे खोटं पाडत होतो. त्याची क्षमा मागितली, पण ते नातं पूर्वीसारखं व्हायला वेळ लागला.

तेव्हापासून नियम सोपा ठेवला आहे. नगांची संख्या ड्रायव्हरच्या पावतीप्रमाणेच धरायची. ड्रायव्हरने सही केली की पुढचा धोका आमचा. गोदामाच्या तपासणीत ठरतो तो फक्त दर्जा: किती चांगले, किती दुरुस्तीचे, किती बाद. म्हणून परतावा पावतीवर दोन रकाने असतात, ‘उचलले’ आणि ‘तपासून स्वीकारले’, आणि दोन्हींत फरक असला तर त्याचं कारण आणि फोटो दोन कामाच्या दिवसांत ग्राहकाला जातो. प्रत्येक थांब्याची पावती वेगळी असते, आणि गाडी फाटकातून आत आली की माल उतरण्याआधीच नग मोजले जातात. एकदा ते अंगणातल्या इतर नगांत मिसळले की कोण कुणाचं ते सांगता येत नाही.

गोदामाची मोजणी पावतीपेक्षा जास्त आली तर? तेव्हाही ग्राहकाला जास्तीच्या नगांची वळती द्यायची आणि तसं कळवायचं. आपल्या बाजूची चूक आपण होऊन सांगितली की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर विश्वास बसतो.

शेकडो क्रेट उभ्या उभ्या कसे मोजायचे?

थप्पीने मोजायचे, पण थप्पी खरंच वीसची आहे हे तपासून. एकात एक बसणाऱ्या क्रेटमध्ये डोळा हमखास फसतो. १९ ची आणि २० ची थप्पी शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही.

आम्ही काठी वापरतो. समजा क्रेट ३०० मिलिमीटर उंच आहे आणि त्यावर घातलेला प्रत्येक पुढचा क्रेट थप्पी ७० मिलिमीटरने वाढवतो. वीसची थप्पी म्हणजे ३०० अधिक १९ वेळा ७०, एकूण १,६३० मिलिमीटर. एका सरळ लाकडी पट्टीवर १५, २० आणि २५ नगांच्या खुणा करून ती प्रत्येक ड्रायव्हरला दिली आहे. थप्पीला पट्टी लावली की झालं. तुमच्या क्रेटची वाढ वेगळी असेल, तेव्हा दहा क्रेट एकात एक घालून उंची मोजा, त्यातून एका क्रेटची उंची वजा करा आणि नऊने भागा.

एक सावधगिरी. थप्पी खुणेपेक्षा थोडी वर आली तर आत कचरा, पुठ्ठा किंवा भलत्याच बनावटीचा क्रेट अडकलेला असतो. तेव्हा पट्टीवर भरवसा न ठेवता ती थप्पी सोडवून मोजायची. घडीच्या क्रेटला मिटलेल्या उंचीप्रमाणे वेगळ्या खुणांची पट्टी लागते, आणि अर्धवट मिटलेला एकही क्रेट त्यात नको.

तुटलेल्या नगाची अनामत पूर्ण कापायची का?

दुरुस्त होण्यासारखा असेल तर नाही. फळी तडकणं, खिळा वर येणं, क्रेटवरचा चिकटलेला कागद, ही रोजच्या वापराची झीज आहे आणि तिचा खर्च आपला. ठोकळा निघून गेलेला, तळाचा आधार मोडलेला, क्रेटचा कोपरा किंवा हाताची पकड तुटलेली, किंवा आत तेल-रसायन मुरलेलं, एवढेच नग बाद. ही यादी फोटोंसह ग्राहकाला आधीच देऊन ठेवा. बिल आल्यावर सांगितलेला नियम कुणालाच पटत नाही.

बाद नगाची अनामत ठेवून घेतली की ती आता देणं राहत नाही, म्हणून ती त्या खात्यातून काढून उत्पन्नात न्यावी लागते. उदाहरणातले २०० असेच जातील, आणि त्यावर कर लागू शकतो, तेही सल्लागाराकडून ठरवून घ्या. तुटके नग ग्राहकाच्या शिल्लकीतून कमी करायला मात्र विसरू नका. पैसे कापले आणि नग त्याच्या नावावर तसेच ठेवले, तर तुम्ही तेच दोन क्रेट त्याच्याकडे पुन्हा पुन्हा मागत राहाल.

परत आलेल्या ढिगात आपली नसलेली पॅलेट निघाली तर?

ती मोजू नका आणि वापरू तर मुळीच नका. भाड्याने पॅलेट पुरवणाऱ्या कंपन्यांची पॅलेट विकली जात नाहीत, ती कायम त्यांच्याच मालकीची राहतात. चेपची निळी पॅलेट हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. ती तुमच्या अंगणात आली तर त्या कंपनीला कळवून परत करायची. ग्राहकाला त्यांची वळती द्यायची नाही, पण पावतीवर ‘परकी, २ नग’ अशी नोंद हवी, नाहीतर त्याला वाटेल आपण दोन पॅलेट गिळली.

कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर ईपॅलचा शिक्का असलेली युरो पॅलेट हा वेगळा प्रकार. ती बऱ्याच ठिकाणी नगास नग अशी बदलली जातात आणि तिथे अनामतीऐवजी अदलाबदलीचा हिशोब चालतो. दोन्ही पद्धती एका ग्राहकाशी एकाच वेळी चालवत असाल तर तक्त्यात त्यांचे रकाने वेगळे ठेवा.

अनामतीचा दर वाढवायचा आहे. जुने नग परत आले तर कोणत्या दराने वळती?

इथे फार जण फसतात. पॅलेटवर ते कोणत्या दराने गेलं हे लिहिलेलं नसतं. समजा १ तारखेपासून पॅलेटची अनामत ८०० ची ९०० केली. ग्राहकाकडे आधीची ५ पॅलेट आहेत. ती परत आल्यावर प्रणाली चालू दराने ४,५०० वळती करते, पण आपल्याकडे त्यांचे जमा होते ४,०००. पाचशे गेले. असे पन्नास ग्राहक धरा, आणि ही गळती बिलात कुठेही चूक म्हणून दिसत नाही. वर्षाच्या शेवटी अनामतीच्या खात्यातली शिल्लक आणि बाहेर असलेले नग गुणिले दर यांचा मेळ बसत नाही, एवढंच कळतं.

दोन वाटा आहेत. एक, जुन्या दराची शिल्लक संपेपर्यंत पहिले परतावे जुन्या दराने धरायचे. यासाठी प्रत्येक ग्राहकाच्या दोन शिलकी सांभाळाव्या लागतात, आणि नियमित माल घेणाऱ्याकडे नग सारखे फिरत असल्यामुळे त्याला हे समजावणं अवघड जातं. दुसरी, बदलाच्या दिवशी ग्राहकाकडे जेवढे नग आहेत तेवढ्यांचा फरक पुढच्या बिलात एकदाच लावायचा: ५ × १००, म्हणजे ५००, ‘अनामत दरफरक’ या ओळीखाली. त्यानंतर सगळे नग एकाच दराचे. मी दुसरी वाट निवडतो. तिला एकच अट आहे: बदलाच्या आधी नगांची शिल्लक ग्राहकाकडून लेखी मान्य करून घ्यायची, म्हणजे फरक किती नगांवर हा वाद राहत नाही. दर कमी केला तर हाच फरक त्याला परत द्यायचा.

ग्राहक स्वतःच्या अंदाजाने अनामत कापून पैसे पाठवतो. काय करायचं?

त्याला आधी विचारा की वळती यायला किती दिवस लागले. बहुतेक वेळा आपल्याच उशिरामुळे ही सवय लागलेली असते. परत दिलेले नग दोन बिलं उलटून गेली तरी दिसत नसतील तर तो वाट का पाहील?

उशीर आपला नसेल, तर कापलेली रक्कम त्याच्या खात्यावर येणं म्हणून तशीच उभी ठेवा आणि कोणत्या परतावा पावतीपोटी कापली ते विचारा. पावती असेल तर पुढच्या बिलात ती रीतसर वळती करून येणं मिटवा. पावती नसेल तर नग गेलेच नाहीत असं गृहीत धरायची घाई नको. त्याच्या फाटकाची नोंद आणि आपल्या गाडीची नोंद ताडून पाहा.

पुढचं बिलच होणार नसेल तर?

तर रोख परत द्या. ज्याने व्यवहार थांबवला आहे, किंवा जो हंगामात एकदाच माल घेतो, त्याला ‘पुढच्या बिलात बघू’ म्हणणं म्हणजे त्याचे पैसे बिनव्याजी वापरणं आहे. शेवटचा परतावा तपासून झाला की आम्ही दोन आठवड्यांत बँकेत भरतो. परतावा मोठा आणि पुढचं बिल लहान असेल, तेव्हाही हाच प्रश्न येतो. वळती बिलापेक्षा जास्त झाली तर उरलेली रक्कम जमा दाखवून त्याच्यापुढच्या बिलाला न्यायची की परत द्यायची, हे ग्राहकालाच विचारा.

एखाद्याची नगांची शिल्लक उणे दिसते. असं कसं होतं?

त्याने घेतल्यापेक्षा जास्त परत दिले असं कागदावर दिसतं. बहुधा एकाच मालकाच्या दोन शाखा असतात, माल एकीच्या नावावर जातो आणि रिकामे नग दुसरीकडून येतात. कधी शेजारच्याचे नग त्याच्या ढिगात आलेले असतात. कधी आपणच एखाद्या खेपेत पॅलेट बिलात लावायला विसरलेलो असतो, आणि मग चूक आपली. कारण सापडेपर्यंत जास्तीच्या नगांची वळती रोखून ठेवा, पण पावती मान्य करा आणि कारण शोधत आहोत हे कळवा.

खूप दिवस नग परत आलेच नाहीत तर किती वेळा मागायचं?

आधी कोणते मागायचे ते ठरवा. उदाहरणातल्या ग्राहकाकडे ८८ क्रेट आहेत, पण त्यातले ८० दुसऱ्या खेपेचे, अजून मालाने भरलेले असतील. पहिल्या खेपेचे राहिले आहेत फक्त ८ क्रेट आणि १ पॅलेट. पत्रात तेवढेच मागा. जो रोज आपल्या क्रेटमधून माल वापरतो त्याला ‘८८ क्रेट ताबडतोब परत करा’ म्हटलं तर तो पत्र बाजूला ठेवतो, आणि मग ते ८ सुद्धा येत नाहीत.

आमची रीत अशी. खेपेनंतर ३० दिवसांनी बिलावरच एक ओळ, ६० दिवसांनी पत्र, आणि ९० दिवसांनी गोदामातल्या माणसाला फोन. त्या फोनवर मी शिल्लक वाचून दाखवतो आणि ‘तुमच्याकडे प्रत्यक्ष किती दिसतात?’ एवढंच विचारतो. कित्येकदा उत्तर येतं की मागच्या शेडमध्ये आहेत, त्यात आमचं सामान ठेवलं आहे. अशा वेळी बदली साधे क्रेट देऊन आपले सोडवून आणणं स्वस्त पडतं. आणि नग खरोखर गेलेच असतील तर कराराप्रमाणे मुदत संपल्याचं लेखी कळवून अनामत ठेवून घ्यायची, त्याच दिवशी ते नग त्याच्या शिल्लकीतून आणि आपल्या मालमत्तेच्या नोंदवहीतून वजा करायचे, आणि पुढच्या बिलाच्या तक्त्यात ‘हरवले’ या ओळीत ते दाखवायचे. वर्षभराने त्यातलं एखादं पॅलेट गाडीतून परत आलंच, तर ते नव्याने आत घ्यायचं आणि ठेवलेली अनामत ग्राहकाला वळती करायची. आम्ही तसं करतो, आणि त्यासाठी कुणाशी कधी भांडावं लागलेलं नाही.